दारावरची हाक

सदाशिव पेठेंतील आमच्या बोळांत सकाळीं आठाच्या सुमारास एक भाजीवाली येत असे. तिची पाटी दृष्टीस पडण्यापूर्वीं पांच मिनिटें तिची हाक ऐकूं येई, आणि त्या हाकेसरशी बोळांतल्या चार-सहा घरांत हालचाल सुरू होई. कोणी चहाचें आधण उतरवून ठेवी, कोणी पिशवी शोधूं लागे, कोणी नुसतीच खिडकी उघडी. तीस वर्षें आम्ही ही हाक ऐकत आलों. परंतु तिच्यांत लक्ष देऊन ऐकण्यासारखें कांहीं आहे, हें आमच्या ध्यानांत गेल्या पावसाळ्यांत आलें, आणि तेंही ती हाक बिघडली तेव्हां. यंत्र चालू असतां त्याच्या चाकांकडे कोणी पाहत नाहीं. तें अडलें म्हणजे आपण झांकण उघडून बघतों. तसेंच हें झालें. ती हकीकत पुढें येईलच; तत्पूर्वीं या हाकेची घडण कशी असते तें वाचकांसमोर मांडूं.

प्रथम तिचे शब्द पाहूं. ‘मेथीऽऽ, शेपूऽऽ, कोथिंबीऽऽर’ इतकीच ती हाक. ‘घ्या’ नाहीं, ‘स्वस्त’ नाहीं, ‘ताजी’ही नाहीं. यांतली प्रत्येक लांबण स्वरावर पडते, व्यंजनावर पडत नाहीं. याला कारण आहे. व्यंजन ओंठांशीं किंवा दांतांशीं क्षणभर उमटतें आणि दहा-वीस पावलांत विरून जातें; स्वर मात्र गळा मोकळा असेपर्यंत लांबवितां येतो, आणि तोच भिंतींवर आपटत वळणापलीकडे पोंचतो. म्हणून बोळाच्या टोंकाशीं ऐकणाराला ‘कोथिंबीर’ ऐकूं येतच नाहीं. त्याला ऐकूं येतो एक लांब ‘ई’कार. शिवाय ही हाक नेहमींच्या बोलण्याहून बऱ्याच वरच्या पट्टींत असते. रस्त्यावरच्या मोटारींची घरघर बहुतांशीं खर्जांतली असल्यामुळें वरचा सूर तिच्या डोक्यावरून निसटून येतो. खालच्या पट्टींत कितीही ओरडलें तरी तें त्या घरघरींत बुडून जातें. हें ध्वनिशास्त्र आमच्या भाजीवालीला कोणी शिकविलें नाहीं. तिच्या घशानें तें अनुभवानें शोधून काढलें.

तेव्हां लांबून आपण शब्द ऐकत नाहीं, चाल ओळखतों. इंग्रज निबंधकार ॲडिसन यानें १७११ सालीं ‘स्पेक्टेटर’ पत्रांत लंडनच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्यांवर एक विनोदी निबंध लिहिला. त्यांत त्यानें हीच गोष्ट नमूद केली आहे: लोक माल ओळखतात तो चालीवरून, शब्दांवरून नव्हे, आणि ज्यांस चाल ठाऊक नाहीं अशीं खेड्यांतलीं मुलें भाता दुरुस्त करणाराकडे सफरचंदें मागावयास धांवतात. आमच्याकडे नवीन राहावयास आलेल्या एका सूनबाई ‘कल्हईऽऽ’ ही आरोळी ऐकून दुधाचें भांडें घेऊन खालीं उतरल्या होत्या, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. याचा अर्थ असा कीं, फेरीवाल्याची हाक ही अनोळखी माणसासाठीं नसतेच. ती ओळख असलेल्यांसाठीं असते. नव्या माणसाला ती चार दिवस ऐकून शिकावी लागते. म्हणूनच जुना फेरीवाला चाल सहसा बदलीत नाहीं. चाल बदलली तर तो त्या बोळांत पुन्हां परका होतो.

आतां शब्दांचा क्रम पाहा. मेथी, शेपू, कोथिंबीर यांची नांवें आधीं कां? पाटींत वांगीं असतात, दुधी असतो, गवार असते. त्यांचें नांवही घेतलें जात नाहीं. ती पहांटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत जाते. तेथें पालेभाजी शेंकड्याच्या भावानें, म्हणजे शंभर जुड्यांच्या हिशेबानें मिळते. चार बायका मिळून एक शेंकडा घेतात आणि आपसांत वांटून घेतात. वांगें उद्यां विकतां येतें, दुधी तर चार दिवस राहतो. परंतु मेथीची जुडी ओल्या गोणपाटाखालीं ठेविली तरी दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून जें आधीं मरणार त्याचें नांव आधीं. साडेदहाच्या पुढें हाक बदलते: नांवाच्या जोडीला भाव येतो. बाराच्या सुमारास नांवें गळतात आणि ‘दोन जुड्या घ्या’ एवढेंच उरतें. कान तयार असलेल्या गृहिणीला खालीं न उतरतां कळतें कीं, पाटींत काय उरलें आहे आणि विकणारीला घाई किती आहे. हाक ही अशी सबंध पाटीची हकीकत असते.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट हाकेंत नाहीं; ती हाकेनंतर आहे. आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाज्याशीं ती येते, आंत तोंड करून दोन वेळां हाक देते, आणि थांबते. पाटी डोक्यावरच असते, एक हात तिला लावलेला असतो, आणि नजर वरच्या खिडक्यांकडे असते. ती किती थांबते हें आम्हीं एकदां घड्याळावर पाहिलें. एक मिनिटाहून थोडें कमी. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसानें हातांतलें काम टाकून खिडकीशीं यावें आणि ‘अहो, थांबा’ म्हणावें, यास बरोबर इतकाच वेळ लागतो. कोणी आलें नाहीं तर ती पुन्हां ओरडत नाहीं. पुढच्या दाराशीं जाते.

हा थांबा प्रत्येक धंद्याचा वेगळा असतो. कल्हईवाल्याला तो फार लांब ठेवावा लागतो. कारण भांडीं माळ्यावरून काढावयाचीं, कोणतीं द्यावयाचीं तें सासूला विचारावयाचें, यांत अर्धा तास सहज जातो. म्हणून तो एकदां हाक देत सबंध बोळ फिरतो, मग झाडाखालीं भाता मांडून बसतो आणि भांडीं येण्याची वाट पाहतो. कुलफीवाल्याला हाकही लागत नाहीं. त्याची घंटा वाजली कीं पोरें स्वतःच धांवतात. त्याचा थांबा पोरानें आईकडून पैसे मिळविण्याइतका. पिंजारी तर आपल्या धनुकलीची तांत छेडतो, आणि तो टणत्कार ऐकून गृहिणीला गेल्या पावसाळ्यांत ओल धरलेली गादी आठवते. ज्याला जितका वेळ लागणार तितकें थांबावयाचें, हा या सर्वांचा हिशेब. हाक म्हणजे अर्धें वाक्य. उरलेलें अर्धें घरांतून यावयाचें असतें.

मंडईंत हा प्रकार उलटा होतो. १८८६ सालीं रे मार्केट या नांवानें सुरू झालेली आणि पुढें महात्मा फुले मंडई झालेली ती अष्टकोनी इमारत पुणेकरांस सांगावयास नको. तेथें गाळेवाला बसलेला असतो आणि गिऱ्हाईक चालतें. समोरून जाणारें माणूस दोन-तीन पावलांपुरतेंच त्याच्या आटोक्यांत असतें. म्हणून तेथें लांब चाल कामाची नाहीं, तेथें संबोधन लागतें. ताई, वहिनी, काकू, मावशी, आजी, दादा, यांपैकीं एक शब्द त्याला डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत निवडावा लागतो, आणि तो चुकला तर गिऱ्हाईक गेलें. एका जुन्या गाळेवाल्यानें आम्हांस सांगितलें, “पन्नाशीच्या बाईला आजी म्हटलं की ती दुसऱ्या गाळ्यावर जाते, आणि पोरीला काकू म्हटलं तर ती उद्यांही येत नाही. शंका आली तर ताई म्हणावं. ताईला राग येत नाही.”

त्याच गृहस्थानें दुसरी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस फारच मार्मिक वाटली. तो चेहऱ्याआधीं पिशवी पाहतो. पिशवी रिकामी असेल तर बटाट्यांचें नांव घ्यावयाचें. कारण जड माल तळाशीं जातो आणि समजूतदार गृहिणी तो आधीं घेते. पिशवी अर्धी भरलेली आणि खालीं ओघळलेली असेल तर कांदे-बटाटे झाले असें समजावें, आणि कोथिंबिरीची जुडी पुढें करावी. ‘काय पाहिजे?’ असें तो विचारीत नाहीं. कारण बहुतेकांस काय पाहिजे तें ठरलेलें नसतें, आणि न ठरलेला माणूस ‘कांहीं नको’ म्हणून मोकळा होतो. ‘घेणार का?’ हा प्रश्न त्याहून वाईट. त्याचें उत्तर ‘नाहीं’ हें त्या प्रश्नांतच बसलेलें असतें. तो भेंडी उचलतो, तिचें टोंक नखानें टिचकन् मोडतो आणि ती बाईच्या हातांत देतो. कोंवळी भेंडी कट् करून मोडते, जून भेंडी नुसती वांकते. भेंडी हातांत आली म्हणजे बाई थांबते, आणि बोलणें तिच्याच तोंडून सुरू होतें: “कशी दिली?” भाव आपण आधीं सांगितला तर माणूस नुसता भाव ऐकतो, माल पाहत नाहीं, तिनें विचारला म्हणजे तिनें माल पाहिलेला असतो. मात्र विचारल्यावर भाव तात्काळ आणि एकच सांगावा लागतो. तेथें घुटमळलें कीं संशय आला.

येथें या कलेची मर्यादाही सांगितली पाहिजे. हाक आणि पुकार ही हुंडीसारखी असते; ती त्याच जागीं, त्याच क्षणीं वटवून द्यावी लागते. ‘ताजी मेथी’ म्हणून कालच्या जुडीवर पाणी मारलेलें असेल तर वरून तीही टवटवीत दिसते. परंतु बांधाची दोरी सैल करून मध्याशीं पाहावें: आंतलीं पानें पिवळीं, दांड्यांस चिकट बुळबुळ, देंठांचीं टोंकें काळपट, हीं चिन्हें लपत नाहींत. ज्या गृहिणीनें एकदां घरीं जाऊन अशी जुडी सोडली, तिच्या कानांवर दुसऱ्या दिवशीं तीच हाक पडते, पण तिचा हात पिशवीकडे जात नाहीं. आमच्या भाजीवालीच्या हाकेंत ‘ताजी’ हा शब्द नव्हता, याचें कारण आम्हांस पुष्कळ दिवसांनीं कळलें. शिळी असली तर ती हाकच देत नसे, मुकाट्यानें येऊन दाराशीं सांगे, “काल राहिलेली आहे, निम्म्यात घ्या.”

आणि आतां एक कबुलीही देऊन टाकतों. दिवसाची पहिली विक्री, जिला भवानी किंवा भोवनी म्हणतात, ती विकणाराच्या दृष्टीनें दिवसाचा शकुन असतो. पहिलें गिऱ्हाईक परत जाऊं नये म्हणून तो भावांत थोडी सूट देतो, आणि आलेला पैसा कपाळाला लावून मग कनवटीला खोंचतो. ही सूट म्हणजे त्यानें आपल्या दिवसासाठीं टाकलेलें दान आहे. गिऱ्हाइकाचा तो हक्क नव्हे. परंतु आमच्या घरांत कित्येक वर्षें असा परिपाठ होता कीं, तिची भवानी व्हावयाची आहे हें हेरून लवकर खालीं जावें, भाव पाडून मागावा, आणि ती नाहीं म्हणाली तर पाठ फिरवावी. ती हांक मारून परत बोलावणार हें आम्हांस ठाऊक असे. दोन-चार रुपये वांचत, आणि आम्ही त्यास काटकसर म्हणत असूं. भवानीच्या वेळीं घ्यावयाचें नसेल तर भाव विचारूंच नये, एवढी साधी रीत बाजारांतल्या अडाणी म्हटलेल्या बायका पाळतात. ती आम्हां शिकलेल्यांच्या घरांत कोणीं पाळिली नाहीं. ती परत हाक मारी तेव्हां तिच्या आवाजांत चाल नसे, हें आज आठवतें.

आतां गेल्या पावसाळ्याची हकीकत. भाजीवालीचे गुडघे धरले, पाटी डोक्यावर घेणें अशक्य झालें, आणि तिच्या मुलानें धंदा हातीं घेतला. मुलगा चलाख. त्यानें हातगाडी घेतली, तिच्यावर कर्णा बसविला, आणि आईलाच घरीं हाक द्यावयास लावून ती ध्वनिमुद्रित करून घेतली. दुसऱ्या दिवसापासून बोळांत तोच आवाज, तीच चाल, तीच ‘मेथीऽऽ, शेपूऽऽ, कोथिंबीऽऽर’ अखंड वाजूं लागली. मोटारीच्या घरघरीस ती बधेना; आईच्या घशास जें साधत नव्हतें तें यंत्रानें साधलें. आणि तरीही आठ दिवसांत त्याची पालेभाजी गाडीवरच वाळूं लागली.

आमच्या वर दुसऱ्या मजल्यावर ऐंशी वर्षांच्या एक काकू एकट्या राहतात. जिना उतरणें त्यांस होत नाहीं; त्या खिडकींतून दोरीला बांधलेली टोपली खालीं सोडतात. भाजीवाली त्यांत जुडी ठेवी, पैसे काढून घेई, आणि वर बघून दोन शब्द बोले: गुडघे कसे आहेत, मुलाचें पत्र आलें कीं काय, इत्यादि. कर्णा आल्यावर काकूंनीं नेहमींप्रमाणें खिडकींतून विचारलें, “अरे, मेथी कशी दिलीस?” कर्ण्याच्या आवाजांत त्याला तें ऐकूं गेलें नाहीं. टोपली पहिल्या मजल्यापर्यंत उतरते तों गाडी वळणाशीं पोंचलेली. असें चार दिवस झालें. पांचव्या दिवशीं काकूंनीं टोपली सोडलीच नाहीं, आम्हांस म्हणाल्या, “तुम्ही मंडईत जाल तेव्हा माझी एक जुडी आणा.” त्यांना आम्ही मेथी आणून देत असूं, परंतु दिवसाकाठीं खालून वर येणारे ते दोन शब्द आम्हांस आणून देतां येत नव्हते.

आम्हीं त्या मुलाला सांगितलें कीं, लोकांना तुझ्याशीं बोलावयास सवड मिळत नाहीं. तो समजला कीं आवाज कमी पडतो. त्यानें कर्णा आणखी चढविला. मग समोरचे एक गृहस्थ तक्रारीची भाषा बोलूं लागले. त्यांच्या बाजूनें कायदाही होता: २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें लेखी परवानगीवांचून ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं. प्रकरण तेथवर जाऊं नये म्हणून आम्हीं भाजीवालीस निरोप धाडिला. ती एके दिवशीं सकाळीं रिक्षानें आली, आमच्या ओट्यावर बसली, आणि मुलगा बोळांतून कसा जातो तें तिनें मुकाट्यानें पाहिलें. गाडी समोर येतांच ती म्हणाली, “आधी ते बंद कर.” त्यानें बंद केलें. “हाक मारून तू पुढं पळतोस कशाला? म्हातारं माणूस खिडकीपर्यंत यायला नको का?”

मुलगा म्हणाला, “अगं, पण आवाज तर तुझाच आहे.”

“आवाज माझा आहे,” ती म्हणाली, “पण थांबलेलं कुठाय त्यात?”

त्यावर त्यास उत्तर सुचलें नाहीं, आणि आम्हांसही नाहीं. तेवढ्यांत वरून खिडकी उघडल्याचा आवाज झाला, आणि टोपली हळूंहळूं खालीं येऊं लागली.

आतां तो मुलगा बोळाच्या तोंडाशींच कर्णा बंद करितो. प्रत्येक दाराशीं स्वतःच्या तोंडानें एकदां हाक देतो. तिची चाल आईहून जरा वेगळी आहे, पण बोळानें ती शिकून घेतली आहे. मग गाडीच्या दांड्यावर हात ठेवून तो वर पाहत उभा राहतो. पालेभाजी अकरापर्यंत संपते असें तो सांगतो. आमच्या घरींही एक बदल झाला आहे: भवानीच्या वेळीं भाव पाडून मागण्याचें आम्हीं सोडून दिलें आहे.

या प्रकरणापासून आमचें लक्ष घरांतल्या हाकांकडे जाऊं लागलें आहे. ‘जेवावयास चला’ ही हाक स्वयंपाकघरांतून पांच वेळां जाते, आणि पांचही वेळां हाक देणारें माणूस पाठमोरें असतें. अभ्यास करणाऱ्या मुलास आपण जिन्याखालून हाक देतों, त्याचें ‘ओ’ येण्यापूर्वींच रागावतों, आणि तो ऐकत नाहीं अशी तक्रार करतों. दूरध्वनीवर ‘कसे आहात?’ असें विचारून त्याच श्वासांत आपलें काम सांगूं लागतों. ही सर्व कर्ण्याची रीत झाली. आवाज आपलाच असतो, शब्दही बरोबर असतात. दिंडीदरवाज्याशीं ती बाई उभी राही तो मिनिटाहून थोडा कमी वेळ मात्र त्यांत नसतो.

बिल्वमंगलाच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या स्तोत्रांत दहीं विकावयास निघालेल्या एका गोपीचें चित्र आहे. मन कृष्णाकडे लागलेलें असल्यामुळें ती दह्याचें नांव घ्यावयाच्या जागीं भगवंताचींच नांवें पुकारूं लागते. लहानपणीं आम्ही तें भक्तीचें उदाहरण म्हणून पाठ केलें. आतां त्यांत दुसरेंही कांहीं दिसतें. विकणाराच्या तोंडून अखेर तेंच बाहेर पडतें, जें त्याच्या मनांत असतें. आमच्या भाजीवालीच्या मनांत तीस वर्षें दुसऱ्या मजल्यावरची खिडकी होती.